उजवी बाजू काढा, डावी फिरवा

बारावीचे विकलन शिकलेल्या कुणालाही y = x³/(x² − 3) या समीकरणाचा आलेख काढायला सांगितला, की हात आधी कोष्टकाकडे जातो. x ला −5, −4, −3 अशा किमती द्यायच्या, y काढायचा, बिंदू मांडायचे आणि शेवटी ते जोडायचे. वाटेत छेद कधी धन होतो, कधी ऋण. वजाचे चिन्ह कुठेतरी गळते, आणि मग आलेखाची डावी बाजू उजवीशी काही केल्या जुळत नाही. ही सगळी दगदग टाळता येते, कारण या समीकरणाची डावी बाजू मोजायची गरजच नसते. उजवी बाजू नीट काढली की डावी आपोआप ठरते. तसे आहे की नाही, हे ओळखायला अर्धा मिनिट पुरतो.

त्यासाठी समीकरणात x च्या जागी −x लिहायचा. अंशातला x³ होतो −x³, कारण वजा संख्येचा घन वजाच असतो. छेदातल्या x² वर मात्र काहीच परिणाम होत नाही, आणि 3 तर जागचा हलतच नाही. म्हणजे पूर्ण अपूर्णांकाची किंमत तीच राहिली, फक्त चिन्ह बदलले: f(−x) = −f(x). असे ज्याचे होते त्याला विषम फलन म्हणतात. चिन्हसुद्धा बदलले नाही, म्हणजे f(−x) = f(x) असे आले, तर ते सम फलन. आणि दोन्ही झाले नाही, तर ते ना सम, ना विषम. पहिले दोन प्रकार भाग्याचे, पण हा तिसरा प्रकारच अधिक भेटतो.

विषम फलनाच्या आलेखाचा अर्थ कागदावर पाहावा. x = 3 ठेवला तर y = 27/6, म्हणजे 4.5. तेव्हा (3, 4.5) हा बिंदू वक्रावर आहे. फलन विषम असल्यामुळे (−3, −4.5) हाही बिंदू वक्रावर असलाच पाहिजे. हे दोन बिंदू पट्टीने जोडले, तर रेषाखंडाचा मध्यबिंदू बरोबर आरंभबिंदूवर येतो. वक्रावरच्या प्रत्येक बिंदूची अशीच एक जोडी असते. सगळा आलेख आरंभबिंदूभोवती अर्धा फेरा, म्हणजे 180 अंश फिरवला, तर तो स्वतःवरच येऊन बसतो. यालाच आरंभबिंदूभोवतीची सममिती म्हणायचे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ‘कर्व्ह ट्रेसिंग’ शिकताना मुले हीच गोष्ट ‘विरुद्ध चरणांतली सममिती’ म्हणून पाठ करतात. पहिल्या चरणातला भाग तिसऱ्यात जातो आणि चौथ्यातला दुसऱ्यात. सम फलनाचे निराळे: त्याची डावी बाजू ही उजव्या बाजूचे Y-अक्षात पडलेले प्रतिबिंब असते.

सम आणि विषम ही वर्गवारी गणितात रूढ केली ती लिओनार्ड ऑयलरने. लोझान इथे 1748 साली छापलेल्या ‘इंट्रोडक्टिओ इन अॅनालिसिन इन्फिनिटोरम’ या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात फलनांची ओळख करून देताना त्याने सम आणि विषम फलनांची चर्चा केली आहे. नावामागचे कारण सरळ आहे. x², x⁴, x⁶ यांचे घातांक सम आहेत आणि −x टाकल्याने ती पदे बदलत नाहीत; x, x³, x⁵ यांचे घातांक विषम आहेत आणि त्यांचे फक्त चिन्ह बदलते. परिमेय फलन म्हणजे एका बहुपदीला दुसऱ्या बहुपदीने भागून मिळालेले फलन. त्यामुळे अंशातले आणि छेदातले घातांक नुसते वाचले, तरी निकाल लागतो.

हे वाचन बिनचूक व्हावे म्हणून एक अट मात्र आधी पुरी करावी लागते: अंश आणि छेद यांच्यात काही सामाईक अवयव असेल, तर तो काढून अपूर्णांक संक्षिप्त करून घ्यायचा. त्यानंतर नियम अगदी स्वच्छ होतो. अंश आणि छेद दोघांतही फक्त सम घात असतील तर फलन सम. एकात फक्त सम आणि दुसऱ्यात फक्त विषम असतील तर फलन विषम. दोघांतही फक्त विषम घात असा प्रकार संक्षिप्त रूपात उरतच नाही, कारण मग x हाच दोघांचा सामाईक अवयव असतो आणि तो छेदून टाकला की दोघेही सम होतात. अंशात किंवा छेदात सम आणि विषम घातांची सरमिसळ असेल, तर संक्षिप्त रूपातले ते फलन यांपैकी काहीच नाही.

इथे सर्वांत जास्त मुले फसतात ती सुट्या संख्येपाशी. (x³ + 1)/(x² − 3) यातल्या अंशात ‘विषम घात आहे आणि एक साधी संख्या आहे’ असे म्हणून फलन विषम ठरवले जाते. पण ती साधी 1 म्हणजे x चा शून्यावा घात, आणि शून्य ही सम संख्या आहे. म्हणजे अंशात सरमिसळ झाली आणि सममिती गेली. तपासून पाहायचे तर x = 1 ला किंमत 2/(−2), म्हणजे −1 येते आणि x = −1 ला 0. ना सारख्या, ना चिन्हाने उलट. नाही म्हणायला अशी एक जोडी पुरते. हो म्हणायला मात्र एक जोडी पुरत नाही. x³ − x या साध्या बहुपदीत 1 आणि −1 दोन्हींना 0 येतो. तेवढ्यावरून कुणी ती सम ठरवली तर चुकेल, कारण ती विषम आहे. म्हणून सममिती सिद्ध करायची ती −x अक्षरानेच, आकड्यांनी नव्हे.

संक्षिप्त करतानाही एक डोळा उघडा ठेवावा लागतो. (x³ + x²)/(x² + x) यात x(x + 1) सामाईक आहे. तो गेला की उरतो नुसता x, आणि तो तर विषम. पण मूळ अपूर्णांकाचा छेद x = 0 आणि x = −1 ला शून्य होतो, त्यामुळे तिथे फलनाला किंमतच नाही. x = 1 ला किंमत आहे, −1 ला नाही. तेव्हा आलेख म्हणजे y = x ही सरळ रेषा खरी, पण तिला (0, 0) आणि (−1, −1) इथे छिद्रे. दुसऱ्या छिद्राची जोडी (1, 1) ला नाही. काटेकोर बोलायचे तर हे फलन विषम नाही. फलन जिथे आहे त्या संख्यांचा संचही शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच पसरलेला असला, तरच सममितीची भाषा लागू होते.

आता मूळ उदाहरणाकडे. पेन्सिल चालवण्याआधीच सममितीने बरेच काही सांगून टाकलेले असते. संक्षिप्त विषम फलनात x हा अवयव अंशात तरी असतो किंवा छेदात तरी, कारण दोघांपैकी एकात फक्त विषम घात आहेत. अंशात असेल तर वक्र आरंभबिंदूतून जाणार. छेदात असेल तर वक्र Y-अक्षाला कधीच भेटणार नाही, एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली अनंताकडे निघून जाणार. आपल्या फलनात x अंशात आहे, म्हणजे वक्र (0, 0) मधून जातो हे ठरले. दुसरे असे, की अंश आणि छेद यांच्या घातांतला फरक इथे विषम असतो. त्यामुळे वक्र दूर जाताना ज्या रेषेला चिकटत जातो, ती अनंतस्पर्शी रेषा x-अक्ष असेल किंवा आरंभबिंदूतून जाणारी तिरकी रेषा असेल. y = 2 अशी आडवी रेषा किंवा y = x + 2 अशी सरकलेली रेषा तिथे येणे शक्य नाही. उत्तरपत्रिकेत विषम फलनासाठी अशी रेषा दिसली, तर भागाकारात कुठेतरी चूक आहे हे पुढची ओळ न वाचता सांगता येते.

भागाकार करून पाहू: x³/(x² − 3) = x + 3x/(x² − 3). x मोठा होत गेला की दुसरे पद नाहीसे होत जाते, म्हणून तिरकी अनंतस्पर्शी रेषा y = x. छेद शून्य होतो तो √3 ला, म्हणजे साधारण 1.73 ला. तिथे उभी तुटक रेषा काढून ठेवायची. यापुढचे सगळे काम फक्त x > 0 साठी.

शून्य ते 1.73 या पट्ट्यात छेद ऋण आहे, तेव्हा वक्र x-अक्षाच्या खाली. x = 1 ला y = −0.5, आणि 1.5 ला 3.375/(−0.75), म्हणजे −4.5. जसजसे 1.73 जवळ येते, तसतसा वक्र कड्यावरून कोसळल्यासारखा खाली जातो. रेषेच्या पलीकडे छेद धन होतो आणि वक्र एकदम वरून येतो: x = 2 ला y = 8. तिथून तो कुठपर्यंत उतरतो, हे विकलजावरून कळते. विकलज येतो x²(x² − 9)/(x² − 3)². तो शून्य होतो x = 0 आणि x = 3 या ठिकाणी. 1.73 आणि 3 यांच्यामध्ये तो ऋण, 3 च्या पुढे धन. म्हणजे वक्र 3 पर्यंत उतरतो, (3, 4.5) ला तळ गाठतो आणि मग चढू लागतो. x = 5 ला y सुमारे 5.68; तोवर तो y = x या रेषेला वरून लगटू लागलेला असतो. वरूनच का, तर 3x/(x² − 3) हे उरलेले पद तिथे धन आहे म्हणून.

उजवी बाजू झाली. बिंदू लागले पाच: (1, −0.5), (1.5, −4.5), (2, 8), (3, 4.5) आणि (5, 5.68). डावीकडचे पाच बिंदू दोन्ही चिन्हे बदलून लिहायचे: (−1, 0.5), (−1.5, 4.5), (−2, −8), (−3, −4.5) आणि (−5, −5.68). एकही भागाकार नाही. हाताने काढताना त्याहूनही सोपा उपाय आहे. ट्रेसिंग पेपर आलेखावर ठेवून उजवी बाजू आणि दोन्ही अक्ष गिरवून घ्यावेत, आरंभबिंदूवर टाचणी टोचावी आणि वरचा कागद अर्धा फेरा फिरवावा. आता गिरवलेली रेघ जिथे दिसेल, तिथे डावी बाजू. ट्रेसिंग पेपर नसेल, तर आलेखाची वहीच उलटी धरून पाहावी. आलेख बरोबर असेल, तर तो सरळ दिसत होता तसाच उलटाही दिसतो.

फिरवण्याऐवजी आरशासारखे उलटवणे, ही इथली नेहमीची चूक. (3, 4.5) चा जोडीदार म्हणून (−3, 4.5) मांडला जातो आणि आलेख दोन शिंगांचा होतो. तो सम फलनाचा आलेख झाला. विषम फलनात (3, 4.5) चा तळ डावीकडे (−3, −4.5) चा माथा होतो. हे पाहून अनेकांना आपलेच काही चुकले असे वाटते, कारण इथे माथ्याची किंमत −4.5 आणि तळाची 4.5, माथा तळापेक्षा नऊ एककांनी खाली. पण त्यात चूक काही नाही. हे माथे आणि तळ आपापल्या परिसरापुरते असतात, आणि मधल्या दोन उभ्या रेषांनी वक्राचे तीन सुटे तुकडे केलेले आहेत. एका तुकड्यातल्या माथ्याने दुसऱ्या तुकड्यातल्या तळाच्या वर असावे असा काही नियम नाही.

फिरवताना काय बदलते आणि काय तसेच राहते, हे एकदा मनाशी पक्के करून घेतले की फार उपयोग होतो. अर्ध्या फेऱ्यात चढ बदलत नाही: उजवीकडे वक्र जिथे चढत होता, तिथल्या जोडीदारापाशीही तो चढतच असतो. वक्राचा बाक मात्र उलटतो. वर उघडलेली वाटी पालथी होते. सम फलनाच्या आरशात नेमके याउलट घडते, चढाचा उतार होतो आणि बाक तसाच राहतो. म्हणूनच विषम फलनाचा विकलज सम असतो आणि सम फलनाचा विषम. वरच्या विकलजात x², x² − 9 आणि (x² − 3)² एवढेच आहे, सगळे सम घात. विकलन करताना एखादा सुटा x किंवा x³ राहिला असता, तर बेरीज-वजाबाकीत गडबड झाली हे तिथल्या तिथे कळले असते. उत्तर मागे पाहण्याआधी करता येणारी ही तपासणी आहे, आणि ती फुकट मिळते.

एका जागेची मात्र सममितीवर सोडून सुटका होत नाही. ती जागा म्हणजे x = 0, जिथे दोन अर्धी आलेखे एकमेकांना भेटतात. आपल्या वक्राचा चढ तिथे शून्य आहे, म्हणून कुणी तिथे माथा किंवा तळ दाखवील. पण विषम फलनाला आरंभबिंदूपाशी माथा किंवा तळ असूच शकत नाही (फलन सगळीकडे शून्यच असले तर गोष्ट वेगळी), कारण एका बाजूला तो अक्षाच्या खाली असला की दुसऱ्या बाजूला वर असलाच पाहिजे. वक्र तिथे क्षणभर आडवा होतो आणि खाली उतरत राहतो; आरंभबिंदूच्या अगदी जवळ तो y = −x³/3 सारखा दिसतो. पेन्सिलीने तिथे टोक काढायचे नाही, रेघ सपाट करून अक्ष ओलांडू द्यायची.

सम फलनाचे मध्यभागी काय होते, त्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे y = 1/(1 + x²). ऑयलरचा ग्रंथ आला त्याच 1748 साली इटलीत मिलान इथे मारिया गाएताना आन्येझी या गणितज्ञ बाईंचे कलनशास्त्रावरचे मोठे पाठ्यपुस्तक निघाले. त्यात चर्चिलेल्या एका वक्राशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. हे समीकरण त्याच वक्राचे. वक्र घंटेच्या आकाराचा आहे, माथा (0, 1) वर, दोन्ही बाजू x-अक्षाकडे निवळत जाणाऱ्या. मध्ये खंड न पडणाऱ्या कोणत्याही सम परिमेय फलनाचा चढ x = 0 ला शून्यच असतो, कारण तिथला चढ आणि त्याचे आरशातले उलट चिन्ह एकच असावे लागतात. याच फलनाला x ने गुणले, की y = x/(1 + x²) हा विषम वक्र मिळतो: उजवीकडे (1, 0.5) ला माथा, डावीकडे (−1, −0.5) ला तळ, मधून आरंभबिंदूतून सरळ वर चढणारी नागमोडी रेघ. तिसऱ्या घाताच्या वक्रांच्या आयझॅक न्यूटनने केलेल्या आणि 1704 साली छापलेल्या वर्गीकरणात हा सर्पाकार वक्रही आहे. छेद तोच, अंशात फक्त एक x आला, आणि आरशाची जागा अर्ध्या फेऱ्याने घेतली.

सरमिसळ असलेले फलन दिसले म्हणून सममितीची आशा लगेच सोडू नये. y = (x² − 2x + 2)/(x − 1) हे घ्या. घातांक वाचले तर ते ना सम, ना विषम. पण भागाकार केला तर y = (x − 1) + 1/(x − 1). x − 1 ला X म्हटले की उरतो X + 1/X, आणि तो सरळसरळ विषम आहे. म्हणजे वक्राला अर्ध्या फेऱ्याची सममिती आहेच, फक्त तिचे केंद्र आरंभबिंदूवर नसून (1, 0) वर आहे. उजवीकडचा तळ (2, 2) काढला, की डावीकडचा माथा (0, −2) फिरवून मिळतो. हे केंद्र शोधायचे कुठे? उभी आणि तिरकी अशी एकेकच अनंतस्पर्शी रेषा असेल, तर दोघी जिथे छेदतात तिथे. दुसरीकडे केंद्र असूच शकत नाही, कारण फिरवल्यावर प्रत्येक रेषा स्वतःवरच यायला हवी.

आणि कधी कधी सममिती खरोखरच नसते, तेही लवकर ओळखता येते. 1/(x(x − 1)(x − 3)) या फलनाच्या उभ्या रेषा 0, 1 आणि 3 या ठिकाणी आहेत. आरसा असो वा अर्धा फेरा, डावीकडच्या उभ्या रेषा उजवीकडच्यांवर जाऊन बसल्या पाहिजेत. या तिघींमधली अंतरे एक आणि दोन, त्यामुळे तसे होणे अशक्य. इथे दोन्ही बाजू मेहनतीने काढाव्यात.

वाचकांनी एक आलेख स्वतः काढून पाहावा: y = (x⁴ + 1)/x². घातांक सगळे सम, तेव्हा फलन सम. छेदात x असल्याने Y-अक्षाला वक्र भेटणार नाही, पण दोन्ही बाजूंनी वरच जाईल. भागाकार केला की x² + 1/x² येते, म्हणजे वक्र दूरवर y = x² या अन्वस्ताला वरून चिकटतो. उजवीकडे तळ (1, 2) ला आला आणि डावीकडे कसलेही गणित न करता (−1, 2) ला मांडला, तर आलेख बरोबर आहे.